पन्हाळ्याचा उतार आणि गुडघ्याची बाहेरची बाजू : एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. पन्हाळा, जोतिबाच्या रस्त्यांवर सराव करणाऱ्यांकडून जी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, तिचे तपशील जोडून हा धावपटू उभा केला आहे. वय 38, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीत सुपरवायझर, दिवसाचे आठ-नऊ तास उभं राहून काम. तीन वर्षं रंकाळ्यावर धावतोय. घड्याळावर एक फेरी साधारण 4 किलोमीटर भरते. मंगळवारी दोन फेऱ्या, गुरुवारी दोन, रविवारी चार, म्हणजे आठवड्याला 32 किलोमीटर. या तीन वर्षांत गुडघ्याची काहीही तक्रार नव्हती.

मग डोंगरातल्या अर्ध-मॅरेथॉनला नाव घातलं आणि रविवारचा सराव रंकाळ्यावरून पन्हाळ्याच्या रस्त्यावर गेला. वाघबीळकडून वर जाणाऱ्या घाटातला 4 किलोमीटरचा तुकडा त्यानं ठरवून घेतला. पहिल्या रविवारी एकदा वर, एकदा खाली. दुसऱ्या रविवारी दोनदा. तिसऱ्या रविवारी तीनदा करायचं ठरलं होतं. त्या दिवशी पहिला उतार छान गेला. दुसऱ्या उतारात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला किंचित चरचर जाणवली, पण वर चढायला लागल्यावर ती पूर्ण गेली, म्हणून त्यानं सोडून दिली. तिसऱ्या उतारात दीड किलोमीटरवर चाकू खुपसल्यासारखी कळ आली आणि पाय टेकेना. उरलेला रस्ता गुडघा न वाकवता, पाय काठीसारखा ठेवून चालत उतरला. तसं चालताना दुखत नव्हतं. घरी जिना चढताना त्रास नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागला. दोन दिवसांनी सगळं ठीक वाटलं, म्हणून तो रंकाळ्यावर गेला आणि 5 किलोमीटरच्या सुमारास तीच कळ, त्याच जागी. गुरुवारी पुन्हा 5 किलोमीटरवरच.

दुखणं कुठलं ते बोटानं कळतं

ठरावीक अंतरानंतर येणारं, थांबलं की जाणारं, चढावर गप्प बसणारं आणि उतारावर बोलणारं, असं गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं बहुतेक वेळा आयटी बँडचं निघतं. हा बँड म्हणजे कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून खाली येणारा जाड, चिवट पट्टा. वरच्या टोकाला नितंबाचे स्नायू त्याला ताणून धरतात, आणि खाली तो गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला रुततो. वाटेत तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या उंचवट्यावरून जातो. दुखतं ते तिथं.

म्हणून पहिला प्रश्न असा: एका बोटानं दाखवा, कुठं दुखतं. या धावपटूनं बोट ठेवलं ते गुडघ्याच्या सांध्याच्या फटीच्या दोन बोटं वर, बाहेरच्या हाडाच्या टेंगळावर. तपासताना त्याला आडवं झोपवून गुडघा काटकोनात वाकवला, त्या टेंगळावर अंगठ्यानं दाब दिला आणि पाय हळूहळू सरळ करायला लावला. सरळ व्हायला साधारण 30 अंश उरले असताना तो कळवळला: "हीच ती." पुढं पाय पूर्ण सरळ झाल्यावर दुखणं कमी झालं.

बोट फटीवरच पडलं असतं, गुडघ्याला सूज असती, पाय वळवताना किंवा उकिडवं बसून उठताना आत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं असतं, तर शंका बाहेरच्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर गेली असती. बोट मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात गेलं असतं, तर पॉप्लिटिअस नावाच्या छोट्या स्नायूची कंडरा तपासावी लागली असती. तीही उतारावरच कुरकुरते, त्यामुळं गफलत होते. दुखणं वाटीभोवती, पुढच्या बाजूला असेल तर ते प्रकरणच वेगळं. आणि गुडघा सुजणं, अडकणं, अचानक लचकून पाय सुटणं, रात्री विश्रांतीतही ठणकणं किंवा पायाला मुंग्या येणं, यातलं एकही असेल तर पुढचं काहीही वाचून करत बसू नये, थेट हाडांच्या डॉक्टरांकडं जावं. इथं तसं काही नव्हतं. एमआरआयचीही गरज नव्हती. चित्र इतकं स्पष्ट असताना तो काढल्यानं उपचारात फरक पडत नाही.

उतारच का?

वरच्या तपासणीतल्या 30 अंशांत सगळी गोम आहे. गुडघा साधारण तेवढा वाकलेला असताना तो पट्टा हाडाच्या उंचवट्यावर सर्वांत जास्त दाबला जातो. पूर्वी असं मानलं जायचं की पट्टा हाडावर पुढं-मागं घासतो आणि त्यातून दाह होतो. आता बरेच जाणकार याकडं घासण्यापेक्षा दाबणं म्हणून पाहतात. पट्ट्याच्या आणि हाडाच्या मध्ये चरबीचा एक पातळ थर असतो, त्यात भरपूर मज्जातंतू असतात, आणि हजारो वेळा चिमटला गेला की तो चिडतो. फरक वरवरचा वाटला तरी उपचाराच्या दृष्टीनं मोठा आहे. घासणं असतं तर पट्टा सैल करणं हा उपाय झाला असता. दाबणं असेल, तर तो दाब किती वेळा आणि किती जोरानं पडतो हे बदलावं लागतं.

सपाटीवर पाऊल टेकतं तेव्हा गुडघा या कोनाच्या आसपास असतो आणि लगेच पुढं वाकून त्यातून बाहेर पडतो. उतारावर पाऊल टेकताना गुडघा जास्त सरळ असतो. मग शरीराचं वजन झेलत, ब्रेक लावत तो त्याच कोनातून सावकाश जातो. म्हणजे प्रत्येक पावलाला चिमट्यातला वेळ वाढतो. चढावर गुडघा आधीच बराच वाकलेला असताना पाऊल पडतं, म्हणून चढ दुखत नाही. आणि काठीसारखा पाय ठेवून चालताना का दुखलं नाही, तेही यातच आलं: गुडघा त्या कोनापर्यंत पोचलाच नाही.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. दुखू लागलं की माणूस सावध होतो, हळू उतरतो, पाऊल पुढं टाकून टाच रोवतो. नेमकं तेच वाईट. एसटीचा जुना चालक घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून उतरवतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. धावणाऱ्यानंही तेच करायचं असतं, पण शरीराला ते आपसूक सुचत नाही.

आकड्यांत लपलेला घोटाळा

या धावपटूचं म्हणणं होतं, "मी अंतर वाढवलंच नाही." आणि ॲपनं त्याला दुजोरा दिला होता. पन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात एकूण 24 किलोमीटर झाले, नेहमीपेक्षा कमी. दुसऱ्या आठवड्यात 32, म्हणजे बरोबर नेहमीइतके. तिसऱ्या आठवड्यात ठरले होते 40. पण वहीत फक्त उताराचा रकाना वेगळा काढला की चित्र पालटतं: आधी तीन वर्षं शून्य, मग 4, मग 8, मग 12 ठरलेले, त्यातल्या साडेनऊवर गुडघा बसला. घाटात सराव करणाऱ्यानं उताराचे किलोमीटर वेगळे लिहावेत, कारण गुडघ्याला एकूण बेरीज कळत नाही.

दुसरी गोष्ट थकव्याची. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना लांबत लांबत ताकद लावावी लागते, आणि सवय नसेल तर ते फार लवकर दमतात. दुसऱ्या रविवारनंतर बुधवारपर्यंत मांड्या दुखत होत्या, हे त्यानं विचारल्यावर सांगितलं. दमलेली मांडी गुडघा वाकवून वजन झेलायचं टाळते, पाय सरळच टेकवते. म्हणून पहिला उतार छान आणि तिसरा वाईट. स्नायूंचा एक चांगला गुण असा की बेताच्या एका उताराच्या सरावानंतर पुढचे काही आठवडे ते तोच मार बऱ्यापैकी सोसतात. म्हणजे उतार अजिबात न करणं हा उपाय नाही, आणि एकदम तीन वेळा करणं हाही नाही.

मग मोबाइलवर चित्रण केलं, मागून आणि बाजूनं, अर्धा-अर्धा मिनिट. बाजूनं दिसलं की पाऊल कमरेच्या बरंच पुढं पडतंय. मागून दोन गोष्टी दिसल्या. उजव्या पायावर वजन आलं की कमरेची डावी बाजू खाली झुकते. आणि दोन्ही पावलं जवळजवळ एकाच रेषेवर पडतात, दोरीवरून चालल्यासारखी. पाऊल जितकं मधल्या रेषेकडं जाईल तितका बाहेरचा पट्टा ताणला जातो, आणि ताणलेला पट्टा हाडावर जास्त दाबतो. पावलांचा वेग मोजला तर मिनिटाला 162.

रस्त्याचा कडेकडचा आडवा उतारही थोडा कारणीभूत असावा. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून तो कायम उजव्या कडेनं धावायचा आणि डांबरी रस्ता कडेला झुकलेला असतो, त्यामुळं उजवा पाय सतत खालच्या बाजूला. पण घाटात वाहतूक असताना गुडघ्यासाठी बाजू बदला असा सल्ला कुणीही देऊ नये. रंकाळ्यावर फेरीची दिशा आलटून-पालटून घेतली तेवढं पुरे. बूट बाहेरून झिजलेले होते, बदलले. पण बुटांमुळं हे झालं असं मानायला आधार नव्हता, कारण त्याच बुटांवर सपाटीला कधी दुखलं नव्हतं.

तालमीतली मालिश आणि इतर उपाय

तपासणीच्या आधी दहा दिवस त्यानं पेठेतल्या तालमीत मालिश करून घेतली होती. मांडीला ती उत्तमच. पण मालिश करणाऱ्यानं दुखरी जागा शोधून तिथंच अंगठा रुतवला, "गाठ मोडतो" म्हणून. ती गाठ नव्हती, हाडाचा उंचवटा होता, आणि चिमटून चिडलेल्या थरावर आणखी दाब पडला. दुसऱ्या दिवशी जिना उतरणं आणखी अवघड झालं. फोम रोलरचंही तसंच. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि नितंबावर फिरवायला हरकत नाही, गुडघ्याजवळच्या त्या टेंगळावर नको. पट्टा इतका चिवट असतो की ताण देऊन किंवा लाटून त्याची लांबी लक्षात येण्याइतकी वाढत नाही. बरं वाटतं ते आजूबाजूचे स्नायू सैलावल्यामुळं.

बर्फ फडक्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं लावल्यानं ठणका कमी होतो, बाकी फार अपेक्षा ठेवू नये. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली तर थोडे दिवस घ्यावी. मात्र गोळी घेऊन धावायला जाणं दोन कारणांनी चूक आहे: दुखणं झाकलं जातं, आणि लांब धावताना पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर भार येतो. बैठकांबद्दलही त्यानं विचारलं. दोन्ही पायांवरच्या खोल बैठका या गुडघ्याला सहसा दुखत नाहीत, कारण चिमट्याच्या कोनातून झटकन पुढं जाता येतं. पण इथं कमतरता एका पायावर कंबर सावरण्याची होती, आणि ती शंभर बैठका मारूनही भरत नाही.

बदललेला सराव

पहिले दोन आठवडे उतार पूर्ण बंद. धावणं बंद नाही. सपाटीवर 5 किलोमीटरला दुखतं हे माहीत होतं, म्हणून एक दिवसाआड 3 किलोमीटरच, तेही दर 6 मिनिटांनी 1 मिनिट चालून. दुखू लागल्यावर थांबायचं असं नाही, दुखायच्या आधीच थांबायचं. हा फरक या दुखण्यात महत्त्वाचा आहे, कारण कळ एकदा आली की त्या दिवशी धावत राहून ती जात नाही आणि ओढून नेलेला प्रत्येक किलोमीटर पुढचे तीन-चार दिवस खातो. दम राखायला रविवारी घाटात वर धावत जायचं आणि खाली मित्राच्या मोटरसायकलवर यायचं. सायकल चालवायची तर सीट फार उंच नको, नाहीतर पायडल खाली गेल्यावर पाय सरळ होत त्याच कोनात येतो.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रकार फक्त तीन. पहिला: कुशीवर झोपून, पाठ आणि वरच्या पायाची टाच भिंतीला टेकवून, टाच भिंतीवर सरकवत पाय वर. 15 वेळा, तीन फेऱ्या. टाच भिंतीपासून सुटली की पाय पुढं येतो आणि काम नितंबाऐवजी पुढचे स्नायू करतात. बहुतेक जण इथंच चुकतात. दुसरा: जिन्याच्या पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, दुसऱ्या बाजूची कंबर खाली सोडायची आणि परत वर घ्यायची. 12 वेळा, तीन फेऱ्या. तिसरा तिसऱ्या आठवड्यापासून: घरातल्या साध्या पायरीवरून, आरशासमोर, तीन सेकंद मोजत एका पायावर खाली उतरायचं, दुसऱ्या पायाची टाच जमिनीला हलकेच लागेपर्यंत. 8 वेळा, तीन फेऱ्या. गुडघा आत वळला किंवा कंबर झुकली तर ती मोजायची नाही. दुखलं तर पायरी कमी उंचीची घ्यायची, जाड पाट चालतो. ताकदीचा फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर कळ कमी होते ती मुख्यतः मापात धावल्यामुळं, हे लक्षात असावं, नाहीतर दहा दिवसांत "व्यायामानं बरं झालं" म्हणून माणूस पुन्हा घाट गाठतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धावण्याची लकब. मोबाइलवर ठोका लावून मिनिटाला 162 ची पावलं 172 केली, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास वाढ. एकदम 180 चा हट्ट धरला नाही, त्यानं पोटऱ्या धरतात. वेग तोच ठेवून पावलं वाढवली की पाऊल आपोआप आखूड होतं आणि कमरेच्या जवळ पडतं. पावलांमधली जागा वाढवायला मैदानावर खडूची एक बारीक रेघ ओढली आणि रेघेला न शिवता तिच्या दोन्ही बाजूंनी धावायला सांगितलं. दोन-तीन बोटांचा फरक पुरतो. पाय फाकवून धावायचं नाही. शेवटी सपाटीवर 80 मीटरच्या सहा जलद धावा, मध्ये चालत परत. जलद धावताना गुडघा जास्त वाकून टेकतो, त्यामुळं संथ धावण्यापेक्षा त्या कमी दुखल्या. त्याचा यावर विश्वास बसायला दोन खेपा लागल्या.

पाचव्या आठवड्यात उतार, पण घाटाचा नाही. शहरातल्या सौम्य उताराच्या रस्त्यावर 150 मीटर खाली धावायचं, वर चालत यायचं, चार वेळा. म्हणजे एकूण 600 मीटर. कमरेतून न वाकता अंग घोट्यापासून किंचित पुढं, गुडघे मऊ, पावलं जलद आणि आखूड, टाच पुढं रोवायची नाही. पाऊल टेकल्याचा आवाज हा इथं चांगला मापक आहे: थप् असा मोठा आवाज म्हणजे ब्रेक. दोन उतारांच्या दिवसांत किमान तीन दिवसांचं अंतर. पुढच्या वेळी 900 मीटर, मग 1200. दुखणं दहापैकी दोनच्या वर नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काही जाणवायला नको. या दोन्ही अटी पाळल्या तरच पुढची पायरी.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी त्यानं घोळ घातला. 1200 मीटरला काहीच जाणवलं नाही, म्हणून रविवारी घाटात सलग 3 किलोमीटर उतरला. 2200 मीटरवर कळ आली. निराश होण्यासारखं वाटलं तरी हा आकडा कामाचा होता. दुखणं कुठल्या अंतरावर येतं तेच या प्रकरणात सुधारणेचं माप आहे. दुखापतीनंतर सपाटीवरही 5 किलोमीटरला कळ येत होती. आता सपाटीवर 8 किलोमीटर स्वच्छ जात होते आणि घाटातही 2 किलोमीटरपर्यंत गुडघा टिकला होता. एक आठवडा मागं, पुन्हा 900 मीटरपासून, आणि आधी घाटाऐवजी सौम्य उतारच.

नवव्या आठवड्यात घाटातले 2 किलोमीटर, 500 मीटरचे चार तुकडे करून, प्रत्येक तुकड्यानंतर मिनिटभर चालत. वळणं चालतच, कारण तिथं वेग मोडायला माणूस नकळत टाच रोवतो. अकराव्या आठवड्यात पूर्ण 4 किलोमीटर, एकदाच, दुखणं शून्य. त्या आठवड्यात मंगळवारची धाव एका फेरीवर आणली, कारण उताराची भर पडली की दुसरीकडून काहीतरी काढावं लागतं.

त्यानंतर उताराचे किलोमीटर आठवड्याला 4 वर तीन आठवडे स्थिर ठेवले, मग 5, मग 6. स्पर्धा त्यानं त्या वर्षी सोडली. दोन महिन्यांत ती शक्य होती असं त्याला वाटत होतं, पण तिच्या रस्त्यावर सलग 7 किलोमीटर उतार होता आणि सरावात एका दमात सर्वांत जास्त झाले होते 4. सहा आठवडे सराव सुधारूनही दुखणं आहे तिथंच राहिलं, तर डॉक्टर कधी कधी त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. त्यानं दाह थोड्या काळासाठी उतरतो, पण पाऊल पुढं पडायची सवय आणि उताराचा रकाना तसाच राहिला तर कळ त्याच वळणावर परत भेटते. या धावपटूला त्याची गरज लागली नाही. त्याच्या वहीत आता प्रत्येक रविवारी दोन आकडे असतात, एकूण आणि उतार, आणि दुसऱ्याखाली लाल रेघ.